मालिकेची तारीख नेमकी कुणाची मानायची?

प्रश्न: सोसायटीच्या गणपतीत क्विझ घेतलं. "मनी हाइस्ट कधी सुरू झाली?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं २० डिसेंबर २०१७. एका टीमने २ मे २०१७ सांगितलं आणि मोबाइलवर दाखवलंही. पुढे भाग ४१ की ४८ यावरही भांडण झालं. प्रत्येक साइटवर तारीख वेगळी असते, मग खरी कुठली धरायची? आणि अ‍ॅपवर जो पाचवा भाग दिसतो तो मुळात टीव्हीवर कधी लागला होता, हे कसं काढायचं?

उत्तर:

दोन्ही तारखा खऱ्या आहेत, पण तुमच्या प्रश्नाला त्या टीमचं उत्तर जास्त बरोबर होतं. वीस वर्षं प्रश्नसंच काढतोय, आणि तारखांवरून जितके वाद पाहिले त्यातले बहुतेक याच जातीचे होते. दोन्ही बाजू खरं बोलत असतात, फक्त दोघं वेगवेगळ्या घटनेबद्दल बोलत असतात.

आपण "एपिसोडची तारीख" म्हणतो तेव्हा ती एपिसोडला जन्मखुणेसारखी चिकटलेली आहे असं धरून चालतो. प्रत्यक्षात तारीख असते ती दाखवण्याची: कुठल्या देशात, कुठल्या वाहिनीवर किंवा अ‍ॅपवर, कुठल्या घड्याळाप्रमाणे, आणि कापून-जोडून बनवलेला नेमका कुठला तुकडा. यातली एक गोष्ट बदलली की तारीख बदलते. मनी हाइस्टमध्ये या चारही गोष्टी एकदम बदलल्या, म्हणून ती आधी नीट उलगडून घेऊ.

ही मालिका मुळात नेटफ्लिक्सची नव्हेच. 'ला कासा दे पापेल' या नावाने ती स्पेनच्या आंतेना ३ या वाहिनीवर २ मे २०१७ ला सुरू झाली. तो मंगळवार होता. तिथून दर मंगळवारी एक असे नऊ भाग २७ जूनपर्यंत लागले. कॅलेंडरवर मोजून बघा, २ मे ते २७ जून बरोबर नऊ मंगळवार येतात, म्हणजे मध्ये एकही आठवडा सुटला नाही. मग उन्हाळ्याची सुट्टी, आणि उरलेले सहा भाग १६ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबर २०१७ या काळात. १६ ऑक्टोबर सोमवार आणि २३ नोव्हेंबर गुरुवार, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात वाहिनीने वार हलवला हे तारखांवरूनच कळतं. एकूण १५ भाग, प्रत्येक साधारण ७० मिनिटांचा. स्पेनमध्ये रात्रीच्या मुख्य वेळेतली मालिका एवढी लांब असणं नवलाचं नाही.

नेटफ्लिक्सने हक्क घेतले आणि जगभरच्या प्रेक्षकाला ७० मिनिटांचा भाग जड जाईल म्हणून तेच चित्रीकरण पुन्हा कापलं. नवाचे तेरा झाले, सहाचे नऊ झाले. तेरा भागांचा पहिला टप्पा २० डिसेंबर २०१७ ला आला, नऊ भागांचा दुसरा ६ एप्रिल २०१८ ला. पुढचे टप्पे मात्र नेटफ्लिक्सने स्वतः बनवले, त्यामुळे तिथे टीव्हीची तारीखच नाही: तिसरा १९ जुलै २०१९, चौथा ३ एप्रिल २०२०, आणि पाचवा दोन हप्त्यांत, ३ सप्टेंबर आणि ३ डिसेंबर २०२१. तिसऱ्यात आठ, चौथ्यात आठ, पाचव्यात दहा भाग.

तुमचं ४१ आणि ४८ चं भांडण इथेच मिटतं. स्पॅनिश मोजणी १५ + ८ + ८ + १०, म्हणजे ४१. अ‍ॅपची मोजणी २२ + ८ + ८ + १०, म्हणजे ४८. ज्याने मूळ प्रक्षेपणाची यादी वाचली तो ४१ म्हणणार, ज्याने अ‍ॅप उघडून बोटाने मोजले तो ४८ म्हणणार. चुकणार तो तिसरा, जो दोन्ही याद्या एकत्र करून पहिल्या यादीची तारीख दुसऱ्या यादीच्या क्रमांकाला लावतो. विकिपीडियावरून तारीख आणि अ‍ॅपवरून भागाचा क्रमांक उचलला की असा हायब्रिड तयार होतो, आणि पुढे तो एका प्रश्नसंचातून दुसऱ्यात फिरत राहतो. "सीझन" या शब्दाचंही तेच. अ‍ॅपवर पाच "पार्ट" दिसतात म्हणून लोक पाच सीझन म्हणतात, पण पहिले दोन पार्ट मुळात एकाच सीझनचे दोन तुकडे आहेत.

आता अ‍ॅपवरच्या पाचव्या भागाकडे येऊ. इथे एकास एक जोडणी होत नाही, म्हणून मिनिटं मोजावी लागतात. मूळ नऊ भाग गुणिले सत्तर मिनिटं म्हणजे सुमारे ६३० मिनिटं. ती तेरा भागांत वाटली तर एका भागाला साधारण साडेअठ्ठेचाळीस मिनिटं येतात. आता दोरीवर खुणा करतो तशा खुणा करायच्या. अ‍ॅपचा पाचवा भाग सुरुवातीपासून मोजलं तर अंदाजे १९४ व्या मिनिटाला सुरू होऊन २४२ व्या मिनिटाला संपतो. मूळ तिसरा भाग १४० ते २१० मिनिटं, चौथा २१० ते २८०. म्हणजे अ‍ॅपच्या पाचव्या भागातली पहिली पंधरा-सोळा मिनिटं मूळ तिसऱ्या भागाची शेपटी आहे, ती १६ मे ला दिसली. उरलेला मोठा तुकडा मूळ चौथ्या भागाचा, तो २३ मे ला. या भागाची "मूळ प्रक्षेपण तारीख" विचारली तर एका तारखेचं उत्तरच नाही. "१६ आणि २३ मे २०१७ च्या भागांतून" हे प्रामाणिक उत्तर.

हा हिशोब फक्त कुठे शोधायचं ते सांगतो. खरे भाग समान लांबीचे नसतात, नव्याने कापताना थोडी छाटाछाटही होते, त्यामुळे खूण पाच-सात मिनिटं इकडेतिकडे सरकते. पक्कं करायचं तर मूळ भाग कुठल्या प्रसंगावर संपतो हे भागाच्या सारांशात वाचायचं आणि तो प्रसंग अ‍ॅपवर शोधायचा. साप्ताहिक मालिकेचा लेखक भागाच्या शेवटी काहीतरी लटकवून ठेवतोच. नव्या कापणीत तो लटकवलेला क्षण भागाच्या मधोमध सापडतो. अ‍ॅपवर बघताना "हा प्रसंग शेवटासारखा वाटला, पण भाग तर चालूच आहे" असं झालं की समजायचं, इथे आंतेना ३ वर नावांची पाटी सरकली होती.

दोनच टोकं अशी आहेत जिथे खूण सरकत नाही. अ‍ॅपचा पहिला भाग संपूर्णपणे मूळ पहिल्या भागातच बसतो, म्हणून त्याला २ मे लावता येतं. आणि तेरावा भाग मूळ नवव्याबरोबरच संपतो, म्हणून पहिल्या टप्प्याचा शेवट २७ जून. प्रश्न काढायचाच असेल तर या टोकांवर काढा, मधल्या भागांवर नको.

---

दुसरी भानगड घड्याळाची, आणि ती आपल्याला भारतात जास्त भोवते. गेम ऑफ थ्रोन्सचा शेवटचा भाग एचबीओवर १९ मे २०१९ च्या रविवारी रात्री ९ वाजता लागला, न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे. त्याच क्षणी आपल्याकडे सोमवार २० मे ची सकाळ, ६:३०, आणि हॉटस्टारवर तो तेव्हाच आला. ऑफिसला जायच्या आधी उठून पाहिलेल्यांच्या आठवणीत ती सोमवारची तारीख घट्ट बसलेली असते. कुणी १९ म्हणालं की "मी स्वतः पाहिलाय" हा पुरावा निघतो, आणि तो खोटाही नसतो. पण प्रसंग एकच, फक्त दोन घड्याळं. हे "भारतात एक दिवस उशिरा आली" असं नव्हे. स्ट्रीमिंगमुळे जे खरोखर उशिरा येतं आणि घड्याळामुळे जे उशिरा आल्यासारखं दिसतं, त्यात गल्लत करू नका.

साडेसहा हा आकडाही कायमचा नाही. अमेरिकेत घड्याळं पुढे-मागे होतात, आपली होत नाहीत. तिथल्या उन्हाळी वेळेत रात्रीचे ९ म्हणजे आपले सकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. तास चुकला तरी तारीख सहसा चुकत नाही, पण मध्यरात्रीच्या आसपासच्या कार्यक्रमांत तोही एक तास नडतो.

माहितीसाठ्यांमध्ये हा घड्याळाचा घोळ कसा शिरतो ते एकदा कच्च्या रूपात पाहिलेलं बरं. टीव्हीमेझ नावाचा साठा प्रत्येक भागासाठी तीन गोष्टी ठेवतो. 'अंडर द डोम' या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग त्यात असा दिसतो:

```
"name": "Pilot",
"airdate": "2013-06-24",
"airtime": "22:00",
"airstamp": "2013-06-25T02:00:00+00:00"
```

`airdate` म्हणजे ज्या देशात लागला तिथली तारीख, २४ जून, सोमवार, रात्री दहा. `airstamp` हा तोच क्षण, पण ग्रिनिचच्या घड्याळात, म्हणून तिथे २५ जून पडलेली आहे. दोन्ही बरोबर. पण एखाद्याने आपली यादी बनवताना शेवटच्या ओळीतले पहिले दहा अक्षर-अंक तेवढे कापून घेतले, तर त्याच्या यादीत सगळी मालिका एक दिवस पुढे सरकते. उलट काही साठे, उदाहरणार्थ टीएमडीबी, भागासाठी फक्त `air_date` ठेवतात, वेळ नाहीच. अशी नुसती तारीख काही प्रोग्रॅम ग्रिनिचची मध्यरात्र म्हणून वाचतात, आणि मग अमेरिकेतल्या माणसाच्या पडद्यावर ती एक दिवस आधीची दिसते. आपल्याकडे ही चूक झाकली जाते, कारण ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे त्याच तारखेची सकाळ, साडेपाच. म्हणून अमेरिकेतला भाऊ आणि पुण्यातली बहीण एकाच साइटकडे बघून वेगवेगळ्या तारखा सांगू शकतात, दोघांपैकी कुणीही खोटं न बोलता.

हे पकडायची सोपी युक्ती म्हणजे वार बघायचा. साप्ताहिक मालिकेला ठरलेला वार असतो. संपूर्ण सीझन रविवारचा असायला हवा आणि तुमच्या यादीत सगळ्या तारखा सोमवारच्या निघाल्या, तर ते घड्याळाचं सरकणं आहे, सगळ्यातून एक दिवस वजा करा. सगळ्या भागांना एकच तारीख असेल तर ती प्रक्षेपणाची नाही, अ‍ॅपवर एकदम ओतल्याची आहे. वार नियमित असून एखादाच भाग वेडावाकडा पडला असेल, तर तिथे काहीतरी घडलेलं असतं, आणि तोच भाग नीट तपासायचा.

असा वेडावाकडा भाग 'द लास्ट ऑफ अस' च्या पहिल्या सीझनमध्ये आहे. ही मालिका १५ जानेवारी २०२३ पासून दर रविवारी एचबीओवर होती. पाचव्या भागाचा रविवार १२ फेब्रुवारीला येत होता, आणि त्याच रात्री सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना. त्या रात्री कोण मालिका बघणार? म्हणून तो भाग शुक्रवारी, १० फेब्रुवारीला रात्री ९ वाजता एचबीओ मॅक्सवर आधी टाकला, आणि वाहिनीवर नेहमीच्या वेळेला, रविवारी १२ ला लावला. इथे अ‍ॅप आधी, टीव्ही नंतर. आपल्या घड्याळात तो शुक्रवारचा क्षण शनिवार ११ फेब्रुवारी, सकाळी साडेसात. एकाच भागाला १०, ११, १२ अशा सलग तीन तारखा, आणि तीनही समर्थनीय! विकिपीडियावर १० लिहिलेली आहे, कारण तिथे "पहिल्यांदा अधिकृतपणे उपलब्ध" ही मोजणी. "मूळ प्रक्षेपण" या शब्दांना काटेकोर चिकटलात तर १२. मी स्वतः अशा ठिकाणी १० घेतो आणि प्रश्नात "प्रथम प्रदर्शित" लिहितो, "प्रक्षेपित" नाही. एका शब्दाने हरकत टळते.

मनी हाइस्टच्या वेळी टीव्ही आधी होता, इथे अ‍ॅप आधी. म्हणून "टीव्हीची तारीख नेहमी मूळ" असा सरसकट नियम करून ठेवू नका. 'डॉक्टर हू' ने तर हा नियम सरळ मोडीत काढला. ११ मे २०२४ ला नव्या सीझनचे पहिले दोन भाग ब्रिटनमध्ये बरोबर मध्यरात्री बीबीसी आयप्लेअरवर आले, इतर देशांत त्याच क्षणी डिस्ने प्लसवर, आणि बीबीसी वन वाहिनीवर त्याच दिवशी संध्याकाळी. लंडनची मध्यरात्र म्हणजे न्यूयॉर्कची आदली संध्याकाळ, सात वाजता. त्यामुळे अमेरिकेत या भागांची तारीख १० मे. मालिका ब्रिटिश, पण कॅलेंडरच्या हिशोबाने अमेरिकेतली तारीख ब्रिटनच्या आधीची. पुढच्या वर्षी, १२ एप्रिल २०२५ ला, त्यांनी वेळ सकाळी आठची केली, तेव्हा न्यूयॉर्कला पहाटेचे तीन वाजले होते आणि दोन्हीकडे तारीख एकच राहिली. मध्यरात्र सोडून आठ तास पुढे सरकले एवढ्यावर तारखांचं भांडण संपलं.

जपानी अ‍ॅनिमेवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे रात्री उशिराचा कार्यक्रम आदल्या दिवसाच्याच पानावर छापतात आणि तास चोवीसच्या पुढे मोजतात. 'डेथ नोट' चा पहिला भाग वाहिनीच्या वेळापत्रकात मंगळवार ३ ऑक्टोबर २००६, २४:५६ असा होता. आपल्या भाषेत तो बुधवार ४ ऑक्टोबर, रात्रीचे १२ वाजून ५६ मिनिटं. ३ लिहिणारा वाहिनीशी इमान राखतोय, ४ लिहिणारा कॅलेंडरशी. मराठी घरात हे पटकन कळतं. रात्री एक वाजता चित्रपट बघून झोपलेला माणूस सकाळी "काल रात्री बघितला" म्हणतो, "आज" म्हणत नाही.

---

तिसरं कारण सगळ्यात फसवं, कारण त्यात एक तारीख खरोखर चुकीची असते. वाहिन्या वेळापत्रक आधी जाहीर करतात, लोक ते माहितीसाठ्यात भरून ठेवतात, आणि मग कार्यक्रम होतच नाही. भरणारा पुन्हा दुरुस्त करायला येत नाही.

'बफी द व्हँपायर स्लेयर' चा 'इअरशॉट' हा भाग २७ एप्रिल १९९९ ला लागायचा होता. कथेत शाळेत सामूहिक हत्या होणार असल्याची भीती आहे. आठवडाभर आधी, २० एप्रिलला, अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत खरा गोळीबार झाला. वाहिनीने भाग मागे घेतला. तो लागला २१ सप्टेंबर १९९९ ला, म्हणजे सीझन संपून गेल्यावर. त्या सीझनचा शेवटचा भागही मे महिन्यातून सरकून १३ जुलैला गेला होता. आज अ‍ॅपवर 'इअरशॉट' आपल्या जागी, कथेच्या क्रमाने बसलेला दिसतो. तारखेच्या क्रमाने लावलं तर तो सीझनच्या शेवटानंतर येतो. म्हणून कुठल्याही यादीत त्या भागाला एप्रिलमधली तारीख दिसली, तर समजायचं की यादी जुन्या जाहिरातीवरून उतरवलेली आहे. मी नवीन साठा विश्वासार्ह आहे का ते बघताना हाच एक भाग उघडून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे.

यातून तपासायची पद्धतही मिळते: कथेचा क्रम आणि तारखांचा क्रम शेजारी-शेजारी ठेवा. जिथे दोघे जुळत नाहीत तिथे एकतर भाग खरोखर उलटसुलट लागला आहे, किंवा यादी चुकली आहे. दोन्ही शक्यतांत तो भाग प्रश्नासाठी घ्यायचा असेल तर त्या काळातलं वर्तमानपत्र किंवा वाहिनीचं त्या आठवड्यानंतरचं पत्रक शोधा. आधीचं नको, नंतरचं. आधीचं पत्रक म्हणजे नुसता बेत.

मराठी मालिकांवर प्रश्न काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या पुढच्या क्विझमध्ये ती येणारच. रोजच्या मालिका आता टीव्हीच्या आधी अ‍ॅपवर येतात. हॉटस्टारने २०१९ मध्ये व्हीआयपी वर्गणी आणली तेव्हा जाहिरातच ही होती, की स्टारच्या मालिका सकाळी सहालाच बघा, टीव्हीवर लागायच्या आधी. तारीख एकच असल्यामुळे मुंबईतल्या घरात काही बिघडत नाही. पण तोच सकाळी सहाचा क्षण न्यू जर्सीतल्या मावशीच्या घड्याळात उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ असतो. आणि रोजच्या मालिकेत महाएपिसोड नावाचा प्रकार असतो. तासाभराचा विशेष भाग एक मोजायचा की दोन, यावर वाहिनीची आणि अ‍ॅपची मोजणी जुळेलच असं नाही. हजारावा भाग कधी लागला, असा प्रश्न म्हणूनच मी काढत नाही.

पुनःप्रक्षेपणाचीही एक गंमत आहे. 'रामायण' दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि लॉकडाउनमध्ये २८ मार्च २०२० पासून पुन्हा लागलं. वर्षांत एवढं अंतर आहे म्हणून इथे कुणी फसत नाही. पण हेच अंतर तीन-चार महिन्यांचं असतं तेव्हा सगळे फसतात. 'डाउनटन अ‍ॅबी' ब्रिटनमध्ये २६ सप्टेंबर २०१० ला सुरू झाली आणि अमेरिकेत पीबीएसवर ९ जानेवारी २०११ ला. वर्ष बदललं, आणि "कुठल्या वर्षीची मालिका" या प्रश्नाला दोन उत्तरं तयार झाली. अमेरिकी साइटवरून प्रश्न उचलणाऱ्याला २०११ मिळतं.

माझ्या वहीत म्हणून एका भागाला एक तारीख नसते. प्रत्येक ओळीत कुठला तुकडा (मूळ की नवी कापणी), कुठे दाखवला, तिथल्या घड्याळाने कुठली तारीख आणि वेळ, आणि हे नंतरच्या नोंदीवरून घेतलं की आधीच्या जाहिरातीवरून, एवढं असतं. मनी हाइस्टच्या पहिल्या भागाला त्यामुळे दोन ओळी आहेत: मूळ कापणी, आंतेना ३, स्पेन, २ मे २०१७, नवी कापणी, नेटफ्लिक्स, २० डिसेंबर २०१७. या दोन ओळी एकमेकींना खोडत नाहीत, आणि प्रश्न लिहिताना मी कुठल्या ओळीवरून लिहितोय ते मला दिसतं.

तुमच्या त्या संध्याकाळचा निकाल द्यायचा झाला तर: प्रश्नात "सुरू कधी झाली" एवढंच होतं, नेटफ्लिक्सचं नाव नव्हतं, म्हणून २ मे ला गुण द्यायलाच हवे होते. २० डिसेंबर सांगणारी टीम असती तर तिलाही मी दिले असते, कारण प्रश्न सैल ठेवला ही तिची चूक नाही. पुढच्या वेळी असं विचारा: "मनी हाइस्ट स्पेनमध्ये मूळ वाहिनीवर २०१७ च्या कुठल्या महिन्यात सुरू झाली?" आणि भागांच्या संख्येचा प्रश्न उलटा फिरवा: "पहिल्या दोन टप्प्यांचे स्पेनमध्ये १५ भाग होते, नेटफ्लिक्सवर किती झाले?" उत्तर २२, आणि मोबाइल काढून कुणाला काही दाखवायचं असेल तर खुशाल दाखवू दे.